निबंधातले काळ तपासताना: विद्यार्थ्याला लिहून द्यायचा अभिप्राय कसा असावा

ऐरोलीत माझ्याकडे मराठीसाठी येणारी बहुतेक मुलं इंग्रजी माध्यमाची. घरी मराठी बोलतात, शाळेत दिवसभर इंग्रजी, खाली खेळायला गेली की हिंदी. २०२० च्या कायद्याने सगळ्याच मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली तेव्हापासून त्यांच्या वह्या माझ्यापुढे जास्त येऊ लागल्या. या वह्यांत शुद्धलेखनाच्या चुका दिसतातच, पण त्या वाचताना अडखळायला होत नाही. अडखळायला होतं ते क्रियापदाच्या काळाशी. आणि नेमकं तिथेच शिक्षक 'काळाकडे लक्ष दे' असा शेरा मारून पुढे जातात. मीही बरीच वर्षं तेच केलं. मुलगा पान उघडतो, शेरा वाचतो, वही मिटतो. लक्ष कुठे द्यायचं हे त्याला कळलेलंच नसतं.

आता मी निबंधाखाली किंवा वेगळ्या पानावर एक छोटी चिठ्ठी लिहिते. त्यात मुलाचंच वाक्य, त्याचं दुरुस्त रूप आणि कारण असतं. ती कशी तयार करते ते एका खऱ्याखुऱ्या वाटेल अशा परिच्छेदावरून सांगते. परिच्छेद मी रचलाय, पण यातली प्रत्येक चूक मी वहीत अनेकदा पाहिली आहे. लिहिणारा नववीतला मुलगा आहे असं धरू.

'गेल्या रविवारी मी बाबांबरोबर ऐरोलीला फ्लेमिंगो बघायला गेलो होतो. आम्ही सकाळी सात वाजता घरातून निघालो होतो. बाबांनी तिकिटं काढली होती. आम्ही तिथे पोहोचलो तेव्हा पहिली बोट सुटली. मग आम्ही दुसऱ्या बोटीत बसलो होतो. बोट हळूहळू खाडीत जात होती. कडेच्या चिखलात हजारो फ्लेमिंगो उभे आहेत. ते चोच उलटी करून चिखलातलं अन्न गाळून खातात. बोटीवरच्या काकांनी सांगितलं की हे पक्षी दर हिवाळ्यात इथे येत होते आणि पावसाळ्याआधी निघून जात होते. मी विचारलं की ते गुलाबी का होते. मी लहान असताना आजी मला रोज रात्री खाडीच्या गोष्टी सांगत होती. ती म्हणाली की पूर्वी इथे एवढे पक्षी नव्हते. आजोबा रोज पहाटे खाडीत मासे पकडायला गेले. पुढच्या वर्षी मी परत जाईल आणि दुर्बीण नेईल.'

आधी मोजा, मग खुणा करा

पहिलं वाचन पेन खाली ठेवून करायचं. मुलाला काय सांगायचंय ते कळलं नाही तर कुठला काळ हवा हे ठरवताच येत नाही. वरचा मुलगा सहल सांगतो आहे, मध्येच पक्ष्यांची माहिती देतो आहे, मग आजी-आजोबांच्या आठवणीत शिरतो आहे आणि शेवटी पुढचा बेत सांगतो आहे. म्हणजे या एका परिच्छेदात किमान चार काळ येणारच. 'सगळा निबंध भूतकाळात लिही' असा शेरा इथे चक्क चुकीचा ठरेल.

दुसऱ्या वाचनात पेन्सिलीने फक्त वाक्य पूर्ण करणारी क्रियापदं अधोरेखित करा. इथे ती वीस आहेत. त्यातली आठ बरोबर, दहा चूक आणि दोन अशी की मुलाला विचारल्याशिवाय ठरवू नयेत. दहा ठिकाणी लाल शाई दिसली की मुलगा खचतो, शिक्षक वैतागतो. पण दहा चुका म्हणजे दहा गोष्टी शिकवायच्या असं नसतं. प्रत्येक चूक कशामुळे झाली हे विचारत गेलं की चारच कारणं उरतात. चिठ्ठी या चार कारणांची लिहायची. चुकलेल्या क्रियापदावर १ ते ४ पैकी आकडा टाकायचा, शंका असलेल्या जागी प्रश्नचिन्ह, आणि वहीत दुरुस्त शब्द लिहायचा नाही. तो मुलाने लिहायचा.

इथे एक पथ्य आहे. या फेरीत ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षरं, विरामचिन्हं यांना हात लावायचा नाही. 'तिकिटं', 'सांगितलं' ही बोलण्यातली रूपंही तशीच राहू द्यायची. एकाच पानावर तीन प्रकारच्या खुणा आल्या की मुलगा सोप्या तेवढ्या दुरुस्त करतो आणि अवघड वगळतो. त्यात पहिला बळी काळाचाच जातो.

पहिलं कारण: 'होतो'चं शेपूट

वाक्य भूतकाळात आहे हे दाखवायला 'होतो', 'होती' लावायलाच हवं असं बऱ्याच मुलांना वाटतं. 'गेलो', 'निघालो', 'बसलो' ही रूपं एकटीच भूतकाळ सांगतात हे त्यांच्या ध्यानात येत नाही. पूर्ण भूतकाळ मराठीत असतो तो एका घटनेच्या आधीच दुसरी होऊन गेलेली होती हे दाखवायला.

गंमत अशी की आपल्या मुलाने 'होतो' नको तिथे दोनदा लावलंय आणि जिथे हवं होतं तिथेच गाळलंय. 'आम्ही तिथे पोहोचलो तेव्हा पहिली बोट सुटली' हे वाचून वाटतं, ते पोहोचले आणि त्यांच्या डोळ्यांदेखत बोट निघाली. त्याला म्हणायचं होतं की बोट आधीच निघून गेलेली. म्हणजे 'सुटली होती'. खाडीतल्या बोटी भरती-ओहोटी पाहून सुटतात. उशीर झाला की चुकतात. त्यामुळे इथे एका 'होती'ने अर्थच बदलतो.

पण पहिल्या वाक्यातलं 'गेलो होतो' खोडू नका. काटेकोर शिक्षक तेही खोडतात आणि वाक्य निर्जीव करतात. मराठीत एखादी हकिगत सुरू करताना आपण सहज म्हणतो, 'काल ठाण्याला गेलो होतो'. ते जाऊन परत येणं झालेलं असतं, आणि आता त्या जाण्याच्या पोटातली गोष्ट सांगायची असते. पडदा एकदा 'होतो'ने उघडायचा. आतल्या घटना मात्र साध्या भूतकाळात एकामागून एक यायच्या: निघालो, पोहोचलो, बसलो. तारीख देऊन सांगितलेल्या घटनेलाही साधा भूतकाळच पुरतो. 'ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जा मिळाला.' यात 'झालं होतं', 'मिळाला होता' लिहायची गरज नाही.

'बाबांनी तिकिटं काढली होती' यावर मी प्रश्नचिन्ह टाकते. आदल्या दिवशी काढून ठेवली असतील तर बरोबर. तिथे खिडकीवर जाऊन काढली असतील तर नुसतं 'काढली'. हे फक्त मुलालाच ठाऊक आहे. शिक्षकाने इथे अंदाजाने दुरुस्ती केली तर मुलाला वाटतं, 'होती' म्हणजे कायमच चूक.

दुसरं कारण: दुसऱ्याचं बोलणं सांगताना

हे कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण हे शाळेतच शिकवलं जातं, फक्त दुसऱ्या तासाला. इंग्रजीच्या व्याकरणात मुलं शिकतात की 'तो म्हणाला' असं भूतकाळात आलं की त्याच्या बोलण्यातलं क्रियापदही एक पायरी मागे न्यायचं. मुलगा तोच नियम मराठीत आणतो. खरं तर कायम लागू असणारी गोष्ट असेल तर इंग्रजीतही पायरी मागे न नेता चालतं, पण एवढं पोरांच्या लक्षात राहत नाही.

मराठीत असं मागे जायचं नसतं. बोलणाऱ्याच्या तोंडून जो काळ आला, तोच 'की'च्या पुढे येतो. काका बोटीवर म्हणाले असतील, 'हे पक्षी दर हिवाळ्यात इथे येतात.' मग आपणही लिहायचं, 'काकांनी सांगितलं की हे पक्षी दर हिवाळ्यात इथे येतात आणि पावसाळ्याआधी निघून जातात.' 'येत होते' लिहिलं की आता येत नाहीत असा अर्थ निघतो. खाडीचं भलतंच दुःखद चित्र उभं राहतं!

मुलाला एक सोपी कसोटी द्यायची: 'की' खोड, त्या जागी अवतरणचिन्ह टाक आणि त्या माणसाच्या आवाजात वाच. 'मी विचारलं, "ते गुलाबी का होते?"' असं कोणी विचारेल का? विचारेल, 'गुलाबी का असतात?' (त्यांच्या खाण्यातल्या शैवाल आणि झिंग्यांमधल्या रंगद्रव्यांमुळे. हे उत्तरही वर्तमानकाळातच येतं.)

आता याच परिच्छेदातलं आजीचं वाक्य बघा. 'ती म्हणाली की पूर्वी इथे एवढे पक्षी नव्हते.' इथे 'नव्हते' बरोबर आहे, कारण आजीच्या तोंडूनच 'नव्हते' आलं. हे चिठ्ठीत आवर्जून लिहायचं. नाहीतर मुलगा नवा चुकीचा नियम बांधतो की 'म्हणाली की' नंतर नेहमी वर्तमानकाळ, आणि पुढच्या निबंधात 'पूर्वी इथे पक्षी नाहीत' असं वाचायला मिळतं.

तिसरं कारण: रोजचं आणि एकदाचं

'आजोबा रोज पहाटे मासे पकडायला गेले.' वाक्यात 'रोज' आहे, पण क्रियापद एकदाचं आहे. इंग्रजीत एकदा गेल्याचं आणि रोज जाण्याचं क्रियापद एकच असू शकतं, तिथून हे आलेलं असतं. मराठीत नेहमीच्या गोष्टीला वेगळं रूप आहे: बोलताना 'जायचे', लिहिताना 'जात असत'. दोन्ही चालतात. एका परिच्छेदात मात्र एकच धरावं.

'आजी रोज रात्री गोष्टी सांगत होती' यामागे बहुधा हिंदी असते. हिंदीत 'सुनाती थी' म्हणजे सांगायची, आणि त्याचा शब्दाला शब्द मराठी अवतार म्हणजे 'सांगत होती'. पण मराठी कानाला 'आजी गोष्ट सांगत होती' ऐकलं की पुढे काहीतरी घडणार असं वाटतं: 'आणि तेवढ्यात दिवे गेले.' ती चालू असलेली एक घटना असते, सवय नसते. सवय सांगायची तर 'आजी रोज रात्री गोष्टी सांगायची' किंवा 'सांगत असे'.

हा नियम ताणू नका. 'तेव्हा आम्ही वाशीला राहत होतो', 'बाबा बँकेत नोकरी करत होते' ही वाक्यं निर्दोष आहेत. राहणं, नोकरी करणं ही लांबलेली स्थिती आहे, रोज पुन्हापुन्हा केलेली कृती नाही. नववीच्या मुलाला हा फरक व्याख्येने सांगत बसू नये. 'रोज', 'दर रविवारी', 'नेहमी' असे शब्द दिसले की क्रियापद 'यचा-यची'च्या किंवा 'असे'च्या रूपात आहे ना ते बघ, एवढं सांगितलं की पुरतं.

चौथं कारण: 'मी जाईल'

हे पटकन आटपतं. भविष्यकाळात 'मी'ला 'न' आणि 'तो-ती'ला 'ल': मी जाईन, तो जाईल; मी नेईन, ती नेईल; मी करेन किंवा करीन, तो करेल किंवा करील. इथली अडचण व्याकरणाची नाही, कानाची आहे. मुलाच्या आजूबाजूला मोठी माणसंही सर्रास 'मी सांगेल', 'मी येईल' म्हणतात. त्यामुळे त्याला ते चुकीचं वाटतच नाही. मी म्हणते, आरशात बघून 'मी येईल' म्हण आणि सांग, कोण येणार? मुलं हसतात, पण लक्षात ठेवतात.

राहिलेलं एक प्रश्नचिन्ह

'कडेच्या चिखलात हजारो फ्लेमिंगो उभे आहेत.' सहलीच्या मधोमध वर्तमानकाळ. ही चूक असेलच असं नाही. डोळ्यांसमोर चित्र उभं करायला आपण गोष्ट सांगताना मुद्दाम वर्तमानकाळात शिरतो. पण तसं करायचं तर दोन-चार वाक्यं तरी तिथे रेंगाळावं लागतं. इथे पुढच्याच वाक्यात पक्ष्यांची सवय येते, ती वर्तमानकाळातच हवी, आणि लगेच काका भूतकाळात बोलू लागतात. एकट्याने आलेलं 'आहेत' घसरल्यासारखं वाटतं. मी चिठ्ठीत विचारते, ठरवून केलंस का? 'होते' कर, किंवा तिथे थांबून आणखी दोन वाक्यं लिही.

चिठ्ठी

आता हे सगळं मुलाला कळेल अशा एका पानात. व्याकरणातली नावं गाळायची. 'रीती भूतकाळ' वाचून कोणाचंही वाक्य सुधारलेलं मी पाहिलेलं नाही. प्रत्येक कारणाला त्याचं एक वाक्य, दुरुस्ती आणि कारण. त्याच कारणाच्या बाकीच्या चुका त्याने शोधायच्या.

'चोच उलटी करून अन्न गाळून खातात हे तू नीट पाहिलंस, आणि ते योग्य काळातही लिहिलंस. ती त्यांची नेहमीची रीत आहे. आता आकडे बघ.

१. तू लिहिलंस: आम्ही सात वाजता घरातून निघालो होतो. हवं: निघालो. पहिल्या वाक्यातलं "गेलो होतो" छान आहे, ते ठेव. त्यानंतर एकेक गोष्ट घडत जाते, तिला "होतो" नको. पण तुम्ही पोहोचण्याआधीच बोट गेली होती ना? मग तिथे काय हवं? "१" आकडा आणखी दोन जागी आहे. एका जागी "होतो" जाईल, एका जागी "होती" येईल. तिकिटं कधी काढली, तेही मला सांग.

२. तू लिहिलंस: काकांनी सांगितलं की हे पक्षी दर हिवाळ्यात इथे येत होते. हवं: येतात. काकांच्या तोंडचा काळ तसाच ठेवायचा. आजीचं "नव्हते" बरोबर आहे, कारण ती तसंच म्हणाली. अजून दोन जागा आहेत.

३. तू लिहिलंस: आजोबा रोज पहाटे मासे पकडायला गेले. हवं: जायचे. रोजची गोष्ट आहे. आजीच्या गोष्टींचंही तसंच कर.

४. तू लिहिलंस: मी परत जाईल. हवं: मी परत जाईन. पुढचं क्रियापद तू कर.

नवा निबंध लिहायचा नाही. हाच परिच्छेद उतरवून काढ, फक्त आकडे असलेली क्रियापदं बदल आणि बदललेल्या प्रत्येकाखाली रेघ मार.'

पहिली ओळ कौतुकाची वाटेल, पण तिचं काम वेगळं आहे. बरोबर आलेलं रूप दाखवलं नाही तर मुलगा दुरुस्तीच्या उत्साहात तेही बदलतो. आणि चार कारणं ही कमाल मर्यादा समजा. एखाद्या वहीत सहा निघाली तर अर्थ बिघडवणारी आधी घ्यायची. 'मी पोळी खाल्लो', 'तो पुस्तक वाचला' अशा चुका भूतकाळातच होतात, पण त्या काळाच्या नाहीत, प्रयोगाच्या आहेत. त्यांची चिठ्ठी वेगळी, आठवडा वेगळा.

परत आलेलं पान

चिठ्ठी काम करते आहे की नाही हे दुसऱ्या मसुद्यात कळतं, आणि तिथे एक नेहमीचा धोका असतो. 'होतो' काढायला सांगितलं की मुलं झाडूनच काढतात. 'बोट सुटली' तसंच राहतं आणि 'बोट हळूहळू खाडीत जात होती'चं 'बोट हळूहळू खाडीत गेली' होतं. असं दिसलं तर नियम पाठ झालाय, अर्थ पोहोचलेला नाही. मग नियम पुन्हा सांगण्यात हशील नाही. दोन वाक्यं शेजारीशेजारी लिहून द्यायची: 'मी आलो तेव्हा आई जेवली' आणि 'मी आलो तेव्हा आई जेवली होती'. आणि विचारायचं, कुठल्या वाक्यात तुला आईबरोबर जेवायला मिळालं असतं? याचं उत्तर बरोबर आलं की मुलगा स्वतःच बोटीकडे परत जातो.

'जाईन' आणि 'येतात' बहुतेकांचं पहिल्याच फेरीत सुधारतं. 'जायचे'ला दोन-तीन निबंध लागतात, कारण कानावर दुसरंच पडत असतं. त्यासाठी मी वहीच्या शेवटच्या पानावर त्याच चार आकड्यांचा एक तक्ता ठेवते आणि दर निबंधाला प्रत्येक आकड्यापुढे चुकांची संख्या लिहिते. ३, ३, २, २ अशी सुरुवात झाली आणि तीन निबंधांनंतरही तिसऱ्या आकड्यापुढे दोनच दिसले, तर तिसऱ्या कारणासाठी माझी चिठ्ठीच बदलायला हवी.

प्रश्नचिन्हांची उत्तरंही दुसऱ्या मसुद्यातच यायला हवीत. एकदा अशाच एका प्रश्नचिन्हाशेजारी समासात बारीक अक्षरात लिहून आलं होतं: 'तिकिटं बाबांनी आदल्या रात्रीच काढली होती, म्हणून होती ठेवलं.'